टी-तक्त्यात 80 ची ओळच नसेल तर?

प्रश्न: ठाण्याच्या 41 आणि वाशीच्या 41 प्रवाशांच्या प्रवासवेळेची तुलना करतेय. डिग्रीज ऑफ फ्रीडम 80 आले, तक्त्यात 60 नंतर थेट 120. काय घेऊ? काय-स्क्वेअरलाही तेच चालेल का?

उत्तर: पाच टक्के, दोन्ही बाजूंची चाचणी असेल तर 1.990 घ्या.

तक्त्यात 60 समोर 2.000 आणि 120 समोर 1.980 आहे. सरळ प्रमाण लावलं की 1.993 येतं. ते थोडं जास्त आहे, कारण टीची किंमत आधी भराभर उतरते आणि मग रेंगाळते. म्हणून 120 ला डीएफने भागा: 60 साठी 2, 120 साठी 1, तुमच्या 80 साठी 1.5. म्हणजे बरोबर मध्य, 1.990. खरी किंमतही तीन दशांशांपर्यंत हीच आहे.

काय-स्क्वेअरला सरळ प्रमाण पुरतं. 40 ला 55.76, 50 ला 67.50, म्हणून 45 ला 61.63; खरी किंमत 61.66.

आकडेमोड नकोच असेल तर टीसाठी अलीकडची, म्हणजे 60 ची ओळ सुरक्षित. काय-स्क्वेअरमध्ये मात्र पलीकडची घ्या, इथे बरेच जण फसतात. डीएफ 45 असताना 40 ची ओळ धरली, तर 58 हे उत्तरसुद्धा विनाकारण लक्षणीय ठरतं.