बीट, खजूर, गूळ आणि माझे चार महिने

प्रश्न: माझं हिमोग्लोबिन ८.९ आलंय. घरात रोज बीटाचा ज्यूस, खजूर आणि गूळ सुरू केलाय. किती दिवसांत १२ होईल?

मी फोंड्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि हे तिन्ही पदार्थ चार महिने नेमाने खाऊन बसलेली आहे. म्हणून लिहिते.

धाकटी दोन वर्षांची होती तेव्हा जिना चढताना मला धाप लागायला लागली. माझंच रक्त मीच मशीनला लावलं, ८ आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. घरी मोठ्या वन्स आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गोळ्या उष्ण पडतात, पोट बिघडतं. मला बाळंतपणात ९.६ होतं, दोन महिने बीट खाल्लं आणि ११.५ झालं." सासूबाईंनी मान हलवली. मी सून, त्यात पोटाची तक्रार आधीपासून होतीच. गोळ्या कपाटात गेल्या. सकाळी एका मोठ्या बीटाचा रस, रात्री दुधात भिजवलेले दोन खजूर, जेवणानंतर गुळाचा खडा. वर दुपारी जेवण झालं की चहा, तो आमच्याकडे कुणालाच चुकत नाही.

चार महिन्यांनी ७.९. वाढणं सोडा, होतं तेही राहिलं नाही.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले, आणि तो हिशेब तुम्हीही करा. माझं वजन ५० किलो, म्हणजे अंगात रक्त साधारण साडेतीन लिटर. हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचं तर दर शंभर मिलिलिटरमागे ४ ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे एकूण १४० ग्रॅम. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. गुणाकार केला की साधारण ४८० मिलिग्रॅम लोह रक्तात शिरायला हवं. हे फक्त रक्तापुरतं, शरीराचा रिकामा झालेला साठा वेगळाच.

आता माझा रोजचा खुराक. शंभर ग्रॅम बीटात लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. बीट लाल असतो तो बीटालेन नावाच्या रंगामुळे, त्याचा लोहाशी संबंध नाही. बीट खाल्ल्यावर लघवी लाल होते तोही हाच रंग. दोन खजुरांत ०.२. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम धरा. हा आकडा गूळ कुठल्या कढईत आटवला त्यावर बराच बदलतो, कारण त्यातलं काही लोह कढईतूनच उतरलेलं असतं. सगळं मिळून दीड मिलिग्रॅम. हेही पोटात जातं तेवढं, रक्तात नव्हे. वनस्पतींतलं लोह आपल्या जेवणातून शंभरातलं पाच-आठच आत घेतलं जातं. अंगात लोह कमी असलं की आतडं जरा जास्त ओढतं, म्हणून मी उदारपणे दहा टक्के धरले. रोजचे ०.१५ मिलिग्रॅम. ४८० ला ०.१५ ने भागा: ३२०० दिवस, पावणेनऊ वर्षं. तेही मधल्या काळात थेंबभर रक्त गेलं नाही तर. मला तर तेव्हा पाळीत सात-सात दिवस अंगावरून जात होतं.

शिवाय खजूर मी दुधात भिजवत होते, आणि दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं. जेवणावर लगेच चहा म्हणजे त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. चहा जेवणाच्या निदान तासभर आधी किंवा नंतर हवा. एवढा एक बदल खजुराच्या दोन डब्यांपेक्षा मोठा आहे, पण हे कुणी सांगत नाही, कारण चहा सोडायला कुणी तयार नसतं.

मग त्या कपाटातल्या गोळ्या काढल्या. एका गोळीत १०० मिलिग्रॅम लोह. त्यातलं पाच-दहा मिलिग्रॅम रक्तात गेलं तरी बाकीचं गणित महिन्यांत सुटतं. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत. पहिला आठवडा मळमळलं, शौचाला काळं झालं (ते होतंच, घाबरू नका). मग डॉक्टरांनी दिवसाआड घ्यायला सांगितलं. एका दिवशी भरपूर लोह आलं की शरीर दुसऱ्या दिवशी दार थोडं ओढून घेतं, म्हणून दिवसाआडही काम होतं आणि पोट सांभाळलं जातं. पाळीवर उपचारही सोबत झाले. दोन महिन्यांनी ११.१. बारा झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने घेतल्या.

आता वन्सचं बीट. त्यांचा आकडा खोटा नव्हता. गरोदरपणी रक्तातला पाण्याचा भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे रक्त पातळ होऊन आकडा खाली दिसतो. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत ते पाणी उतरतं आणि आकडा आपोआप चढतो. त्यात त्या उपकेंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्याही घेत होत्या, हे त्यांनीच नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं. श्रेय मात्र बीटाला गेलं, आणि त्या श्रेयावर मी चार महिने धापा टाकत जिने चढले. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय, म्हणून इथे लिहिताना संकोच नाही.

जेवणातून मदत हवी तर आमच्याकडची मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, खा. मोड आल्यावर मुगातलं फायटेट, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारं द्रव्य, कमी होतं. ताटात वाढल्यावर वर लिंबू पिळा, शिजवताना नको, उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. मासळी खात असाल तर भाजीसोबत बांगडा ठेवा. त्यात लोह फार नसतं, पण जे असतं त्यातलं बरंच लागतं, आणि शेजारच्या भाजीतलंही जास्त आत जातं. काळीज चालत असेल तर त्याच्या जवळ यातलं काहीच येत नाही. शिवराकाच्या, म्हणजे मासळी-मटण न खाण्याच्या वारी मुगागाठी आणि लिंबू. गूळ, खजूर आवडतात म्हणून खा, औषध म्हणून नको. मधुमेह असेल तर तेही मोजून.

एक राहिलं. माझं वाचून सरळ गोळ्या आणायला जाऊ नका. आधी डॉक्टरांना सांगून फेरिटिन करून घ्या, म्हणजे साठा कळेल. माझं ६ होतं. अंगात ताप किंवा सूज असेल तर हा आकडा फसवा वर दिसतो. रिपोर्टमध्ये पेशी लहान आहेत पण फेरिटिन चांगलं आहे असं दिसलं तर थॅलेसिमिया मायनर आहे का ते बघायला लागतं, तिथे उगाच लोह घेऊन उपयोग नाही. पेशी मोठ्या असतील तर बी-१२. तुम्ही पुरुष असाल किंवा पाळी गेलेली बाई असाल, तर ८.९ का झालं हा प्रश्न गोळीच्या आधी येतो, कारण पोटातून हळूहळू रक्त जात असू शकतं. आणि गोळ्या नीट घेऊनही महिन्याभरात एक ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. एकतर लोह लागत नाहीये, किंवा कुठून तरी गळतंय.