शून्य डावीकडे गेला की ०.७ का नाही?

प्रश्न : अकरावीचं प्रॅक्टिकल आहे. फोटो १ : जबडे मिटलेले, व्हर्निअरचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या डावीकडे, सातवी रेषा जुळते. फोटो २ : सळई पकडलेली, २४ मिमीच्या पुढे चौथी रेषा जुळते. मला २३.७ आलं, मैत्रिणीला २५.१. कुणाचं बरोबर?

उत्तर : दोघींचंही चुकलंय. सळई २४.७ मिमी आहे. २४.४ हे वाचन बरोबर घेतलंत, पण शून्य त्रुटी ०.७ धरलीत. एकीने ती वजा केली, दुसरीने मिळवली.

फोटो १ झूम करून बघ. व्हर्निअरची सातवी रेषा मुख्य पट्टीच्या ६ मिमीच्या रेषेला जुळलीय. तुझ्या व्हर्निअरचे १० भाग ९ मिमीत बसतात, म्हणजे एक भाग ०.९ मिमीचा. सातव्या रेषेपासून मागे शून्यापर्यंत सात भाग, म्हणजे ६.३ मिमी. सहातून ६.३ गेले, की शून्य −०.३ वर सापडतो. हीच शून्य त्रुटी, चिन्हासकट. पुस्तकात १० मधून ७ वजा करायला सांगतात, ते यामुळेच.

फोटो २ मध्येही तसंच. चौथी रेषा २८ वर जुळलीय, मागे चार भाग म्हणजे ३.६, म्हणून शून्य २४.४ वर. जबडे −०.३ पासून २४.४ पर्यंत उघडले, म्हणजे २४.७ मिमी. फोटोत शून्याजवळचा भाग चकाकीने पुसट झाला असेल तर मी नेहमी असंच जुळलेल्या रेषेवरून मागे येतो.

मी कुपवाड एमआयडीसीत तपासणी विभागात काम करतो. जबडे झिजले की मिटताना शून्याच्या पलीकडे जातात, म्हणून जुन्या व्हर्निअरवर ऋण त्रुटी बऱ्याचदा दिसते. एकदा नवख्या मुलाने असल्याच व्हर्निअरने पिना मोजल्या आणि ०.३ मिळवण्याऐवजी वजा केले. फरक ०.३ चा नाही, ०.६ चा पडला, आणि चांगल्या पिना लहान म्हणून बाजूला गेल्या. तेव्हापासून मी त्याच्याकडून आधी मिटलेल्या जबड्यांचं वाचन चिन्हासह लिहून घेतो.

जुळलेली रेषा खरंच सातवीच आहे ना, हे शेजारच्या दोन रेषांवरून कळतं. सहावी आणि आठवी, दोन्ही आपापल्या मुख्य रेषेपासून सारख्याच अंतराने सातवीकडे सरकलेल्या दिसायला हव्यात. तुझ्या फोटो १ मध्ये तशा आहेत. फोटो २ मात्र मला खटकतो, कारण त्यात जबड्याची बाजूची जाडी दिसतेय, म्हणजे मोबाईल तिरका होता. व्हर्निअर पट्टी मुख्य पट्टीपेक्षा किंचित वर असते. तिरकं बघितलं की सगळ्या रेषा एकदम सरकतात आणि शेजारच्या रेषांची तपासणीही फसते. मोबाईल थोडा लांब, बरोबर चौथ्या रेषेच्या वर धरून पुन्हा फोटो काढ. तेव्हाही चौथीच जुळली तर जर्नलमध्ये २४.७ लिही. पाचवी जुळली तर २४.८.