करार ५२ लाखांचा, बँकेच्या लेखी घर ४५ लाखांचं

प्रश्न: नागपुरात जुना फ्लॅट घेतोय. पगारावर कर्ज मंजूर झालं होतं, पण मूल्यांकन करारापेक्षा कमी आलं म्हणून बँकेने रक्कम कापली. असं का करतात?

उत्तर: पगारावरची मंजुरी म्हणजे तुम्ही हप्ता किती झेपवाल एवढंच. घरावर किती द्यायचं, हा हिशेब वेगळा. करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत, यातली जी कमी ती बँक धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात.

मनीषनगरात फ्लॅट घेताना माझंही हेच झालं. मालकाने ८०० चौरस फूट कार्पेट सांगितलं, ६,५०० चा भाव, म्हणजे ५२ लाख. मी ४१ लाख ६० हजारांच्या कर्जाची स्वप्नं बघत होतो. व्हॅल्युअर आला, टेप लावली, मग मंजूर नकाशा उघडून हॉलच्या शेवटच्या भिंतीपाशी थांबला. नकाशात तिथे उघडं टेरेस होतं. मालकाने ते ८० चौरस फूट झाकून हॉलमध्ये घेतलेले. ते व्हॅल्युअरने सरळ वगळले. मॉड्युलर किचन, एसी, कपाटं यांचेही पैसे भावात मिसळले होते, ते बँक मोजत नाही. आसपासच्या ताज्या विक्रीपत्रांवरून त्याने ६,२५० चा भाव लावला. ७२० गुणिले ६,२५० म्हणजे ४५ लाख, आणि त्याचे ८० टक्के ३६ लाख.

किंमत ७ लाखांनी उतरली, कर्ज ५ लाख ६० हजारांनी. माझ्या खिशातून १० लाख ४० हजार जायचे होते, ते १६ लाख झाले. वर स्टॅम्प ड्युटी, तीही स्वतःचीच.

ब्रोकर म्हणाला, 'भाऊ, करारात आकडा वाढवून टाकू.' त्याने कर्ज छदामही वाढत नाही, कारण कमी आकडा व्हॅल्युअरचाच राहतो. वाढते ती फक्त स्टॅम्प ड्युटी.

तुम्ही आधी शाखेत जाऊन क्षेत्रफळ किती धरलं आणि भाव काय लावला, हे विचारा. मोजणीतच चूक असेल, तर मंजूर नकाशा दाखवून फेरमूल्यांकन मागा. भाव कमी वाटत असेल, तर त्याच बिल्डिंगमधल्या अलीकडच्या विक्रीची इंडेक्स २, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, न्या. पण नकाशाबाहेरचं बांधकाम कापलं असेल, तर दुसऱ्या बँकेतही बहुतेक तेच होईल. मग चक्कर बँकेत नाही, मालकाकडे मारायची. मी तो आकडा पुढे ठेवल्यावर मालक ५० लाखांवर आला. कर्ज ३६ च राहिलं, पण माझे २ लाख वाचले.

इसार अजून दिला नसेल, तर पावतीत लिहून घ्या की मूल्यांकन कमी येऊन कर्ज घटलं तर इसार परत मिळेल. मी लिहून घेतलं नव्हतं, म्हणून घासाघीस करताना माझेच २ लाख त्याच्याकडे अडकलेले होते.