‘कळलं होतं’ आणि ‘येतं’

“मॅडम, अख्खं सेमिस्टर हातातून गेलं. पेपरला ३० दिवस राहिलेत, पाच विषय आहेत, एकही झालेला नाही. आता सुरू करून काही होईल का?”

दर सत्राच्या शेवटी हा प्रश्न माझ्याकडे येतोच. उत्तर देताना मला सेकंड इयर मेकॅनिकलचा एक मुलगा आठवतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीला तो चार रंगांच्या पेनांनी आखलेलं टाइमटेबल घेऊन आला. पहाटे ५ ते रात्री १२. आठवड्यातलं हे तिसरं होतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तो रोज दहा तास बसायचा आणि लेक्चरचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघायचा.

“यातलं काय झालंय?” मी विचारलं.

“टॉर्शन. दोनदा बघितलंय. पक्कं आहे.”

मी कोरा कागद पुढे केला आणि त्याच्याच पुस्तकातलं, मागे उत्तर दिलेलं एक सोपं गणित काढायला सांगितलं. ४० मिमी व्यासाचा भरीव शाफ्ट, टॉर्क ५०० न्यूटन-मीटर. शिअर स्ट्रेस जास्तीत जास्त किती? त्याने T/J = τ/r झटकन लिहिलं. मग पेन थांबलं. थोड्या वेळाने J = πd⁴/64 लिहून त्याने उत्तर काढलं: ७९.६. पुस्तकात होतं ३९.८. बरोब्बर दुप्पट.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. “६४ बेंडिंगच्या I ला असतात. इथे ३२ हवे होते. पण मॅडम, लेक्चरमध्ये मला हे कळलं होतं!”

“कळलं होतं. येत होतं का?”

तो गप्प झाला. आमचं खरं काम त्या क्षणी सुरू झालं असं मी मानते. व्हिडिओत ३२ सरांच्या हाताने लिहिले जातात, आपण मान डोलावतो, आणि ती ओळखच आपल्याला ज्ञान वाटते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात हेच दिसलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं; आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. शेवटच्या महिन्यात मी मुलाचा आळस शोधत बसत नाही. त्याचे तास कुठे मुरतात ते शोधते.

मग हिशेब मांडला. पुणे विद्यापीठाच्या त्याच्या २०१९ पॅटर्नमध्ये एंड-सेम ७० गुणांची होती, युनिट ३ ते ६ वर; पहिली दोन युनिट्स सत्राच्या मध्यातल्या इन-सेमला होऊन गेलेली. प्रत्येक युनिटचे दोन प्रश्न, त्यातला एक सोडवायचा. म्हणजे अख्खं युनिट ऑप्शनला टाकलं की १७-१८ गुण गेलेच; युनिटमधला एखादा अवघड भाग मात्र सोडता येतो. पाच विषयांची मिळून २० युनिट्स. २० दिवस त्यांना, १० दिवस पुन्हा सोडवायला. एक गणित तीनदा करायचं: सकाळी पुस्तक बघून, संध्याकाळी पुस्तक मिटून, तीन दिवसांनी पुन्हा मिटूनच. तिसऱ्यांदा जमलं तरच यादीत खूण. थिअरीच्या विषयांत गणिताऐवजी जुन्या पेपरमधला प्रश्न, घड्याळ लावून लिहायचा.

आठवड्याने तो रडवेला होऊन आला. सॉलिड मेकॅनिक्सच्या तिसऱ्या युनिटवर दोन दिवस गेले आणि एकही गणित सुटलं नव्हतं. मी कागद मागून घेतला. बेंडिंगचं सूत्र बरोबर होतं, M ची जागा रिकामी. तो M येतो बेंडिंग मोमेंट डायग्राममधून, म्हणजे दुसऱ्या युनिटमधून. आणि ते ‘इन-सेमला झालं’ म्हणून त्याने यादीतच घेतलं नव्हतं. मी इंजिनिअर नाही, पण माणूस कुठे अडतो हे त्याच्या खाडाखोडीत दिसतं. एकाच युनिटवर दोन दिवस घाम गाळूनही हललं नाही, तर चूक बहुधा त्याच्या मागच्या पायरीवर असते.

“मागे गेलो तर अजून दोन दिवस जातील,” तो म्हणाला.

“जातील. त्या बदल्यात काय सोडतोस?”

त्याने स्वतःच डिफ्लेक्शन सोडलं. दीड दिवस फक्त साध्या टेकूंचे बीम आणि कॅन्टिलिव्हर काढले. त्यानंतर बेंडिंग स्ट्रेस एका दुपारीत सुटले.

सगळं वसूल झालं नाही. चार विषय निघाले, थर्मोडायनॅमिक्सची बॅक राहिली. त्या विषयाला शेवटी सहाच दिवस उरले होते आणि तिसरी फेरी झालीच नाही. निकालानंतर तो भेटायला आला तेव्हा थर्मोची वही आणली होती. पहिल्या पानावर युनिट्सची यादी, प्रत्येकासमोर तीन रिकामे चौकोन. सेमिस्टरचा तो दुसरा आठवडा होता, आणि पहिल्या युनिटसमोरचे दोन चौकोन भरलेले होते.