हप्ता तोच राहिला, मुदत मात्र वाढली

प्रश्न: "2021 मध्ये गृहकर्ज घेतलं. नंतर व्याजदर वाढला म्हणतात, पण माझा हप्ता एक रुपयाही वाढला नाही. मग वाढलेलं व्याज गेलं कुठे? आणि आता काय करता येईल?"

मी बरीच वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात होतो. हप्ता वाढला नाही म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं मी खूप पाहिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते व्याज तुमच्या मुदतीत गेलं. कर्जाचा उतारा काढा आणि 'उरलेले हप्ते' हा आकडा बघा. मग शेवटच्या हप्त्यातले किती रुपये मुद्दलात जमा झाले तेही बघा.

ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडलेली असतात. बहुतेक ठिकाणी तो रेपो दर असतो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो. रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर लावते ती वाढ, मिळून तुमचा व्याजदर होतो, आणि तो तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 टक्क्यांवरून 6.50 वर गेला. म्हणजे पाऊणएक वर्षात तुमच्या दरात सरळ अडीच टक्क्यांची भर पडली.

आता हिशेब मांडू. 30 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 6.75 टक्के. हप्ता येतो 22,811 रुपये. दोन वर्षांनी साधारण 28 लाख 48 हजार मुद्दल आणि 18 वर्षं उरतात. सोपं जावं म्हणून सगळी वाढ इथेच एकदम झाली असं धरू. दर झाला 9.25. आता एका महिन्याचं व्याजच 21,953 होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात जेमतेम 858 रुपये! या गतीने कर्ज फिटायला 18 नाही, साडेपस्तीस वर्षं लागतील. प्रत्यक्षात बँक निवृत्तीचं वय बघून कुठेतरी मुदत थांबवते आणि मग हप्ता वाढवते, पण तोवर महिने वाया गेलेले असतात.

मुदत 18 वर्षांचीच ठेवायची तर हप्ता 27,116 करावा लागतो, म्हणजे महिन्याला सुमारे 4,300 जास्त. अंगावर येतात खरं. पण दोन्ही वाटांनी एकूण भरलेल्या पैशांत जवळजवळ 39 लाखांचा फरक पडतो. पूर्ण वाढ झेपत नसेल तर मधली वाट आहे. हप्ता 25,000 केला तरी कर्ज 23 वर्षांच्या आत संपतं.

हा निवड करण्याचा हक्क तुमचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे बँकेने कर्जदाराला विचारायला हवं. दर तिमाहीचं विवरणही द्यायला हवं. मुदत वाढवताना हप्त्यात महिन्याचं व्याजही भागत नाही, अशी वेळ येता कामा नये. म्हणून शाखेत तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हाती काही रक्कम असेल तर थोडं मुद्दल आधीच भरा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर त्यासाठी दंड लागत नाही. वरच्या उदाहरणात साडेचार लाख भरले तर जुनाच हप्ता आणि जुनीच 18 वर्षं राहतात. भरताना अर्जात 'मुदत कमी करा' की 'हप्ता कमी करा' ते स्पष्ट लिहा.

बहुतेक लोक इथेच थांबतात, पण माझ्या मते स्प्रेड तपासल्याशिवाय थांबू नये. बँक नव्या ग्राहकाला आज किती दर देते ते विचारा. तुमचा दर त्याहून अर्धा टक्का जास्त असेल तर तो कमी करून मागा. बँका ठराविक शुल्क घेऊन तसं करून देतात. वरच्या कर्जावर अर्धा टक्का म्हणजे महिन्याला सुमारे 890 रुपये. नाहीच म्हणाले तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येतं. मात्र तिथे प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकिलाची तपासणी आणि गहाणाचं मुद्रांक शुल्क, हा सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. तो दरमहाच्या बचतीने भागा, म्हणजे खर्च किती महिन्यांत भरून निघेल ते कळेल. कर्जाची पाच-सहाच वर्षं उरली असतील तर सहसा परवडत नाही, कारण बरंचसं व्याज तुम्ही आधीच भरलेलं असतं.

स्थिर दराचा पर्याय तुमची बँक देते का तेही विचारा. तो दर सहसा चढा असतो, आणि पुढे रेपो उतरला तर तुम्ही तिथेच अडकता. 2023 मध्ये घाबरून स्थिर दर घेतला असता, तर फेब्रुवारी 2025 पासून रेपोत झालेल्या कपातीचा फायदा तुम्हाला मिळाला नसता. फ्लोटिंगवाल्यांना तो मिळाला, पण तिथेही एक गोम आहे. दर उतरल्यावर बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत आपोआप आखडते. तुमची आखडली का, ते त्याच 'उरलेले हप्ते' या ओळीत दिसेल. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर रेपोऐवजी कंपनीचा स्वतःचा मूळ दर लागू असू शकतो, आणि तो रेपोबरोबर उतरेलच असं नाही. करारनाम्यात तो कशाला जोडला आहे ते आधी वाचा.