शर्यतीचे तीन लाख रोख आणि कमिटीच्या दोन पावत्या

प्रश्न : मी साखर कारखान्यात नोकरीला आहे, पगार वर्षाला साडेसहा लाख. 18 जानेवारी 2026 रोजी यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत माझ्या जोडीचा पहिला नंबर आला; दोन्ही बैल घरचेच. यात्रा कमिटीने स्टेजवर तीन लाख रोख दिले. तीस हजार गाडी हाकणाऱ्याला देऊन बाकीचे दुसऱ्या दिवशी बँकेत भरले. कांद्याचे 4,20,000 आणि घराच्या कामासाठी आधी काढलेले 3,60,000 हेही त्याच वर्षी बचत खात्यात रोखीने भरले होते. आता आयकराच्या पोर्टलवर 10,50,000 रोख भरणा दिसतो. बारा लाखांपर्यंत कर नाही, असे सगळे सांगतात. कमिटी म्हणते, दीड-दीड लाखाच्या वेगवेगळ्या तारखांच्या दोन पावत्या करून देतो. घेऊ का?

उत्तर : त्या पावत्या घेऊ नका. आयकर कायद्याच्या कलम 269-एसटीनुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगाशी निगडित अशा देवाणघेवाणीत दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. कमिटीने यातला पहिला भाग वाचला असावा आणि तिसरा वाचलेला नसावा. यात्रा एक, शर्यत एक, बक्षीस एक. त्यामुळे तारखा दोन केल्या तरी प्रसंग एकच राहतो. शिवाय तुमच्या खात्यात 19 जानेवारीला 2,70,000 रुपये एकदम भरल्याची नोंद आहे, आणि फेब्रुवारीच्या तारखेची दुसरी पावती तिच्याशेजारी ठेवली की ती खोटी असल्याचे कोणालाही कळेल. आज तुमच्या हातून एक नियमभंग झालेला आहे. खोटी कागदपत्रे दाखल केलीत तर खटल्यापर्यंत जाणारे दुसरे प्रकरण तुम्ही स्वतःच उभे कराल.

या कलमाचा भंग झाल्यास दंड देणाऱ्यावर बसत नाही, घेणाऱ्यावर बसतो, आणि कलम 271-डीएप्रमाणे तो स्वीकारलेल्या रकमेइतका, म्हणजे तुमच्या बाबतीत तीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. पैसे परत केल्याने झालेला भंग पुसला जात नाही. मात्र पुरेसे आणि सबळ कारण सिद्ध झाले तर दंड करता येत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. बक्षीस चारचौघांत स्टेजवर दिले गेले, रोख की चेक हे ठरवणे तुमच्या हाती नव्हते, तो रविवार होता आणि सोमवारीच रक्कम बँकेत गेली, ही तुमची बाजू आहे. ती मान्य होईलच अशी हमी मी देणार नाही. पण ती खरी आहे, आणि एकसंध खऱ्या कागदांवरच मांडता येते.

आता कराकडे वळू. बारा लाखांची गोष्ट तुमच्या पगारापुरती खरी आहे. 2025-26 या वर्षासाठी नव्या करप्रणालीत कलम 87-एची सूट मिळते, परंतु विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला ती मिळत नाही. कलम 115-बीबीमध्ये लॉटरी, पत्ते, जुगार यांच्याबरोबर शर्यती आहेत, आणि ‘घोड्यांच्या शर्यतींसह’ असे तिथे म्हटलेले असल्याने बैलगाडा त्यात बसत नाही हा युक्तिवाद मी तरी लढवणार नाही. बक्षीस म्हणजे कौतुकाची भेट, उत्पन्न नव्हे, हे म्हणणेही टिकणारे नाही. मोटार रॅलीत मिळालेले बक्षीस हे उत्पन्नच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच दिला आहे.

या उत्पन्नातून कोणताही खर्च वजा होत नाही. बैलांचा खुराक, टेम्पोचे भाडे, हाकणाऱ्याचे तीस हजार, काहीही नाही. बँकेत भरलेली रक्कम 2,70,000 असली तरी कर पूर्ण तीन लाखांवर लागतो : 30 टक्क्यांनी 90,000 आणि त्यावर 4 टक्के उपकर 3,600, एकूण 93,600 रुपये. (बैलांचा पैरा असता आणि निम्मी रक्कम दुसऱ्या मालकाची असती, तर तुमच्या वाट्यापुरताच कर लागला असता. पैरा ही मालकी आहे, हाकणावळ हा खर्च आहे.) हा कर 31 मार्चपूर्वी भरला नसेल तर एप्रिलपासून कलम 234-बीचे दरमहा 1 टक्का व्याज लागते; जुलैमध्ये भरल्यास ते 3,744 रुपये होईल, आणि आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचे थोडे व्याज वेगळे.

खरे तर बक्षीस देतानाच कलम 194-बीखाली 30 टक्के टीडीएस कापणे कमिटीचे काम होते. त्यांनी तो कापला नाही म्हणून तुमची जबाबदारी सुटत नाही, परंतु त्यामुळे तुमच्या हाती एक गोष्ट आली आहे. तुम्ही विवरणपत्रात बक्षीस दाखवून कर भरलात आणि सनदी लेखापालाने फॉर्म 26-एमध्ये तसे प्रमाणित केले, तर कमिटीवर कसूरदाराचा ठपका येत नाही, व्याजावर भागते. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा आणि बदल्यात एकच पत्र मागा : शर्यतीची खरी तारीख, क्रमांक, पूर्ण रक्कम आणि ती रोख दिल्याचा स्पष्ट उल्लेख. सोबत निकालपत्रक, शर्यतीचे हँडबिल आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत घ्या.

बचत खात्यात वर्षाला दहा लाख किंवा अधिक रोख भरली गेली की बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते, म्हणून तो आकडा तुम्हाला पोर्टलवर दिसला. दिसला म्हणजे कर लागला असे नाही. स्रोत पटवता आला नाही तरच बेहिशेबी पैशांचे कलम 69-ए पुढे येते. कांद्याचे पैसे पटवणे सोपे आहे. आडत्याची प्रत्येक पट्टी काढा आणि सातबाऱ्यावरील पीकपाहणीशी जुळवा. दोन एकर कांदा आणि पट्ट्यांवर मिळून दोनशे क्विंटल असेल तर कोणी भुवई उंचावणार नाही. अर्ध्या एकरावर तेवढाच माल दिसला तर मात्र पुढचे सगळे संशयात जाते. एका व्यापाऱ्याकडून एका दिवशी घेतलेली रोख दोन लाखांच्या आत होती ना, हेही तपासा. शेती उत्पन्न करमुक्त असले तरी ते विवरणपत्रात दाखवावे लागते.

तुमची खरी कमकुवत जागा 3,60,000 ची आहे. स्वतःचे पैसे काढून पुन्हा भरायला बंदी नाही, पण ते मधल्या काळात घरातच होते हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. काम का थांबले, गवंड्याचे अंदाजपत्रक आहे का, आणि त्या महिन्यांत घरखर्चासाठी खात्यातून वेगळे पैसे निघत होते का, हे पाहा. निघत असतील तर काढलेली रक्कम शिल्लक राहिली या म्हणण्याला बळ मिळते. वहीच्या एका पानावर तारीखवार मांडा : हातातली शिल्लक, आलेली रोख, गेलेली रोख, बँकेत भरलेली रोख. एकाही तारखेला शिल्लक उणे येता कामा नये. आलीच, तर ती लपवण्यासाठी उसनवारीची चिठ्ठी तयार करू नका, आधी माझ्याकडे या.

विवरणपत्र आयटीआर-2 भरा, आयटीआर-1 चालणार नाही. मुदत 31 जुलै 2026 आहे. बक्षिसाचे पूर्ण तीन लाख त्यात दाखवा आणि कराचे चलन आधी भरा.