हापशाची वर्गणी: दुरुस्तीचे नको, चालू दिवसांचे पैसे घ्या

प्रश्न: लिफ्टच्या एएमसीसारखी वर्गणी घेऊन गावोगावच्या हापशांची देखभाल करण्याचा धंदा चालेल का? आमच्याकडे हापसा बिघडला की महिना-महिना तसाच पडून असतो.

चालेल, पण लिफ्टवाल्यांकडून नेमकं काय उचलायचं ते आधी ठरवा. एएमसी दोन प्रकारची असते. एकीत फक्त फेऱ्या येतात आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे लागतात, दुसरीत भागही धरलेले असतात. हापशाला दुसरीच घ्या. सुट्या भागांचं बिल वेगळं लावलं की मेकॅनिकचा फायदा हापसा बिघडण्यात राहतो. आत्ताही तेच होतं: दुरुस्तीमागे पैसे मिळतात, मग पाइप वर काढल्यावर फक्त फाटलेला वायसर बदलतात आणि अर्धा झिजलेला तसाच आत सोडतात. चार महिन्यांनी पुन्हा तेच काम. ठरलेली वर्गणी घेतली की तोच मेकॅनिक दोन्ही वायसर बदलेल, कारण दुसऱ्यांदा पाइप ओढायचा खर्च त्याच्याच खिशातून जाणार आहे.

हा खर्च किती, ते बघा. इंडिया मार्क २ हापशाला ४५ मीटर खोलीवर सिलिंडर असेल, तर सव्वा इंची लोखंडी पाइप, आतले रॉड आणि पाइपातलं पाणी मिळून दोनशे किलोच्या वर वजन होतं. तीन-तीन मीटरचा एकेक पाइप क्लॅम्पने धरून सोडवायचा आणि काम झालं की तसाच पुन्हा जोडायचा. एका वायसरसाठी तीन-चार माणसांचा दिवस जातो. मार्क ३ मध्ये पाइप अडीच इंची असतो, त्यामुळे पाइप जागेवर ठेवून रॉडसकट पिस्टन वर ओढता येतो आणि काम काही तासांत आटोपतं. म्हणून दोन्हींचा दर सारखा लावू नका.

आता माणसं आणि पैसे. आकडे तुमच्या भागातल्या मजुरीप्रमाणे बदला, हिशेबाची पद्धत मात्र हीच ठेवा. समजा एक मेकॅनिक २०,००० रुपयांवर, दोन मदतनीस १२,००० प्रमाणे आणि टेम्पो-डिझेलला १६,०००. महिन्याला ६०,००० ठरलेला खर्च झाला. सुट्या भागांना दर हापशामागे महिना २०० धरा. ६० हापसे असतील तर एकूण ७२,०००, म्हणजे एका हापशाला महिना १,२००. हापशावर ४० घरं असतील तर घरटी ३० रुपये. हापसे १२० झाले तर एकूण ८४,०००, हापशाला ७०० आणि घरटी साडेसतरा. मग २०० का नकोत? दिवस मोजा. वर्षाला प्रत्येकी दोन तपासण्या आणि दिवसाला तीन तपासण्या धरल्या, तर १२० हापशांना ८० दिवस लागतात. प्रत्येकाचा वर्षात एकदा पाइप काढायचा म्हटला तर आणखी १२० दिवस. २०० दिवस झाले, तेवढे एका टोळीला जमतात. २०० हापशांना हेच ३३३ दिवस होतात आणि बंद हापसा तीन दिवसांत चालू करून देण्याचा तुमचा शब्द पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. हापसे लांब लांब असतील तर १२० सुद्धा जड जातील, तेव्हा आधी लागून असलेली गावं घ्या.

तीन दिवस म्हणतोय, कारण गावाला नेमकं तेच विकायचं आहे. करारात लिहा: कळवल्यापासून तीन दिवसांत पाणी आलं नाही तर त्या महिन्याची वर्गणी माफ. केनियात फंडिफिक्स नावाची कंपनी क्वाले आणि किटुई भागात याच तत्त्वावर हातपंप सांभाळते. त्या भागातल्या आधीच्या प्रयोगात दांड्यात बसवलेलं छोटं यंत्र हालचाल मोजून मोबाइलवरून कळवायचं आणि पंप बंद राहण्याचा काळ सुमारे महिन्यावरून तीन दिवसांच्या आत आला. तुम्हाला यंत्राची गरज नाही, प्रत्येक हापशाजवळ फोन करणारी एक ठरलेली बाई पुरे. पण एक गोष्ट त्यांच्याकडून जरूर घ्या: तिथेही लोकांच्या वर्गणीतून सगळा खर्च निघत नाही, उरलेला वेगळ्या निधीतून भरला जातो. तुमच्याकडे ती जागा ग्रामपंचायतीची आहे.

“गावातले लोक पैसे देत नाहीत” हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. ज्या गावात हापसा बंद पडतो, त्याच गावात पाण्याचे जार विकत घेतले जातात. लोक देत नाहीत ते बंद हापशाची वर्गणी. खरी अडचण वेगळी आहे. लिफ्टचे पैसे सोसायटी मेंटेनन्समधून कापते, हापशाला सोसायटी नसते आणि वर्गणी न देणाऱ्याला पाणी भरू नको असं कुणी म्हणत नाही, म्हणायलाही नको. म्हणून घरोघरी पावती फाडू नका. हापशामागे एकच करार करा: ग्रामपंचायतीशी, किंवा पंचायतीच्या ठरावाने बचत गटाशी. हापसा पंचायतीचा आहे, त्यामुळे ठरावाशिवाय पाइपाला हातही लावू नका. जिल्हा परिषदेला दुरुस्तीची वर्गणी आधीच जात असेल तर त्याच बैठकीत ते स्पष्ट करून घ्या, नाहीतर गाव दोनदा पैसे भरतंय अशी ओरड होणारच.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो बिघडल्यावर सभासद होणाऱ्यांचा. एप्रिलमध्ये हापसा बंद पडला की वर्गणी भरायला येतात आणि सुरू झाला की थांबवतात. म्हणून चालू हापसाच करारात घ्या. बंद असेल तर आधी दुरुस्तीचे पूर्ण पैसे, मग वर्गणी, तीही वर्षभराची.

चालू आहे म्हणजे काय, हे डोळ्यांनी ठरवू नका. पाणी येईपर्यंत हापसा मारा, मग अर्धा तास कुणालाही हात लावू देऊ नका. परत मारायला लागलं की पहिलं पाणी कितव्या मारण्याला येतं ते मोजा. पाच-सहाच्या वर गेलं तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा सांधा गळतोय. नंतर मिनिटाला ४० या वेगाने ४० वेळा मारून बादलीत पाणी धरा. १२ ते १५ लिटर यायला हवं. त्याहून बरंच कमी आलं तर वायसर गेलेत. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणीच नाही, तर रॉड तुटलाय. पहाटेचं पहिलं पाणी तांबडं आणि दहा-वीस बादल्यांनी स्वच्छ, तर आतून पाइप गंजतोय. पाणी आम्लधर्मी असेल तर असं होतं आणि असे पाइप वर्गणीत धरलेत तर तुम्ही बुडाल. पाइपाचा खर्च करारात वेगळाच ठेवा.

शेवटी एक गोष्ट, जी खरं तर करारात पहिल्या ओळीत हवी. पाणी नीट येतं, मग तुटतं, थांबल्यावर पुन्हा येतं, तेव्हा हापसा ठणठणीत असून बोअर आटत असतो. त्याला दुरुस्ती नाही आणि वर्गणी माफीही लागू नाही, हे गावाला सही करण्याआधी सांगा. त्यासाठी बादलीची तीच मोजणी करार होताना आणि मग दर मार्चमध्ये करा आणि गावासमोर वहीत लिहून सरपंचांची सही घ्या. मे महिन्यात भांडण झालं तर ती वहीच कामाला येते.